साक्षीदार सतराव्या मिनिटाला आली

मीटिंगच्या दिवशी सकाळी हॉस्पिटलमधून फोन येतोच. "मॅडम, निघालात ना? तुमच्याशिवाय सुरू करता येत नाही."

हे कौतुक नव्हे, नियम आहे. माणसांवर नवीन औषधाची चाचणी करायची तर आधी एथिक्स कमिटीची परवानगी लागते, आणि त्या कमिटीत डॉक्टर, वकील यांच्याबरोबर वैद्यकाशी संबंध नसलेली एक सामान्य व्यक्ती असावी लागते. ती मी. कांदिवलीत शिवणकामाचा क्लास चालवते. माझ्या नावाच्या पाटीखाली 'सामान्य व्यक्ती' असं छापलंय. पहिल्या मीटिंगला मला हसू आलं होतं. आता येत नाही, कारण त्या टेबलावर 'म्हणजे काय?' हा प्रश्न फक्त मीच विचारते आणि दर वेळी कोणीतरी घड्याळाकडे बघतं.

त्या वेळची चाचणी मधुमेहींच्या पायाच्या जखमेवरच्या नव्या मलमाची होती. अर्ध्या रुग्णांना खरं मलम, अर्ध्यांना दिसायला तसंच पण औषध नसलेलं. नेहमीचं ड्रेसिंग मात्र सगळ्यांना. आम्ही मंजुरी दिली होती. काम नीट चाललंय का हे अधूनमधून बघायचं असतं, म्हणून अध्यक्षांनी मला संमतीची रेकॉर्डिंग बघायला बसवलं. नवं रसायन आणि लिहिता-वाचता न येणारा गरीब रुग्ण, असं असलं की समजावून सांगण्याचं पूर्ण चित्रण करावं लागतं. आतापर्यंत पाच जणांनी संमती दिली होती. मी शेवटचं रेकॉर्डिंग आधी लावलं.

पडद्यावर खाडीपलीकडच्या गावातली एक कोळीण, साठीच्या आसपासची. मासे विकायला बोरीवलीच्या बाजारात बसायची. दोन महिन्यांपासून आमच्या धर्मादाय ओपीडीत तिच्या तळव्याचं ड्रेसिंग फुकट होत होतं. चाचणीचे डॉक्टर चौदा पानं वाचत होते. वाचत कसले, पळत होते. मध्येच ती म्हणाली, "डॉक्टर, मी नाय बोलले तं ड्रेसिंग बंद कराल?"

"अहो ताई, तुमच्या भल्याचंच आहे," डॉक्टर म्हणाले आणि पान उलटलं.

मी रेकॉर्डिंग थांबवलं, मागे नेलं, पुन्हा ऐकलं. तेच. उत्तर नाहीच.

सतराव्या मिनिटाला दार उघडून वॉर्डातल्या मावशी आल्या. कोळणीने अंगठा उठवला, मावशींनी साक्षीदार म्हणून सही केली, दीड मिनिटात निघून गेल्या. रुग्णाला वाचता येत नसेल तर त्रयस्थ साक्षीदाराने सुरुवातीपासून शेवटपर्यंत हजर राहायचं असतं, म्हणजे सांगितलं ते कागदावरचंच होतं हे तो सांगू शकेल. मावशींच्या सहीवर छापलं होतं, 'माझ्या उपस्थितीत सर्व माहिती समजावून सांगण्यात आली.'

मी वॉर्डात जाऊन मावशींना गाठलं. "तुम्ही काय ऐकलंत तिथे?"

"मी कशाला ऐकू? डॉक्टर बोलावतात तेव्हा जाते. सगळ्या पेशंटच्या टायमाला मीच असते. माझी सही चांगली आहे ना, म्हणून."

सही खरंच सुरेख होती. आणि पाचही कागदांवर होती.

मीटिंगला डॉक्टरांना बोलावलं. ते मुळात वाईट नाहीत. दिवसाला साठ पेशंट बघतात.

"मॅडम, मावशी विश्वासू आहे. वीस वर्षं आहे इथे."

"म्हणूनच नको. ती तुमच्या हाताखाली आहे. तुम्हाला नाही कोण म्हणणार, ती?"

"एका सहीसाठी पाच पेशंट अडवायचे?"

"सहीचं सोडा. ती बाई विचारतेय, नाही म्हटलं तर ड्रेसिंग बंद होईल का. त्याचं उत्तर तुमच्याच कागदावर छापलंय, पान अकरा. मग दिलं का नाहीत?"

"तिला भीती वाटली असती."

"ती भीतीपोटीच हो म्हणाली!"

पुढची चर्चा त्यांच्याच चाचणीची, म्हणून त्यांना बाहेर बसवलं. अध्यक्ष म्हणाले, "एक इशारापत्र देऊ या आणि पुढे जाऊ." दोन डॉक्टर सदस्यांनी माना डोलावल्या. वकीलबाई म्हणाल्या, "इशारापत्राने तिला काय कळणार?" मी तर उठायच्याच बेतात होते. सामान्य व्यक्ती उठली की मीटिंग मोडते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. अखेर ठरलं: पाचही जणांची संमती नव्याने घ्यायची, नवीन रुग्ण तोवर घ्यायचे नाहीत आणि साक्षीदार हॉस्पिटलबाहेरचा. कोळणीच्या फक्त रक्ताच्या तपासण्या झाल्या होत्या, मलम सोमवारी सुरू होणार होतं. म्हणून तिचा नंबर पहिला.

साक्षीदार तिने स्वतःच आणली. गल्लीतली शेजारीण, शाळेतून निवृत्त झालेली क्लार्क. मी देखरेखीला कोपऱ्यात बसले. डॉक्टरांनी पहिलं पान उचलताच शेजारीणबाईंनी चष्मा लावला आणि म्हणाल्या, "हळू वाचा. मला पण सही करायचीय."

कोळीण मध्येच म्हणाली, "खरा मलम कोनाला नि खोटा कोनाला, कोन ठरवतं?"

"कॉम्प्युटर," डॉक्टर म्हणाले. "मलाही कळत नाही."

"तुमाला पन नाय?" ती शेजारणीकडे वळून खो खो हसली. "आनि मना विचारतात!"

पान अकरा आलं. डॉक्टरांनी माझ्याकडे न बघता वाचलं, "तुम्ही नकार दिलात किंवा मध्येच बाहेर पडलात, तरी तुमच्या नेहमीच्या उपचारात काहीही फरक पडणार नाही."

"परत वाचा," शेजारीणबाई म्हणाल्या.

त्यांनी परत वाचलं.

कोळणीने पायाकडे बघितलं. "मंग नाय. त्या मलमापायी आठवड्याला तीन फेऱ्या मना नाय जमाच्या, धंदा बुडतो. मागच्या टायमाला वाटलं, नाय बोलले तं पाय जाईल. म्हनून अंगठा दिला."

डॉक्टरांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं की एक पेशंट गेला. "ठीक आहे," म्हणाले.

"ठीक काय?" शेजारीणबाई म्हणाल्या. "ड्रेसिंगची तारीख लिहा."

"येऊ दे ना नेहमीसारखं."

"लिहून द्या."

त्यांनी ओपीडीच्या कार्डावर शुक्रवार लिहिला. इतक्या जोरात की पेन कागदातून आरपार जाईल असं वाटलं.

पुढच्या मीटिंगआधी हॉस्पिटलमध्ये पाय ठेवायचं मला काही कारण नव्हतं. क्लासला दोन ब्लाउज अडकले होते. तरी शुक्रवारी सकाळी मी ड्रेसिंगच्या खोलीबाहेर जाऊन उभी राहिले आणि स्वतःवरच वैतागले. कागदावर लिहिलेलं खरं होतंय का, हे बघायला आता सामान्य व्यक्तीने दारात पहारा द्यायचा का?

ती बाकड्यावर बसली होती. कार्ड हातात घट्ट धरलेलं, तारखेवर अंगठा. मला बघून भुवया उंचावल्या.

"तू क्याला आलीस गो?"

"बघायला. करतात की नाही ते."

"मी पन तेच बघाला आले," ती म्हणाली आणि मला बसायला जागा दिली.

आमच्या पुढे चौघे होते. चौघेही झाले. मग दार उघडून मावशींनी बाहेर डोकावलं, मला बघून तोंड वाकडं केलं आणि तिच्या नावाने हाक मारली.