पंधरा मिनिटांचं समाधान

कुरकुंभच्या कंपनीतले आमचे क्वालिटी मॅनेजर इंद्रजीत शितोळे लिंक्डइनवर दर सोमवारी लिहितात, 'ज्युनिअर्ससाठी माझं दार कायम उघडं.' त्यांच्याच कॉलेजात शेवटच्या वर्षाला असलेल्या न्हावऱ्याच्या स्नेहलनं ओळखदेख नसताना त्यांना मेसेज केला: "सर, नोकरी प्रॉडक्शनमध्ये धरावी की क्वालिटीत, एवढंच विचारायचंय. फोनवर पंधरा मिनिटं द्याल का? तुम्हाला जमेल तो दिवस, जमेल ती वेळ."

साहेबांनी तिला उत्तर दिलं नाही. तिच्या मेसेजचा फोटो टाकून 'नव्या पिढीला वेळ देण्यातलं समाधान' अशी पोस्ट लिहिली आणि दीडशे अभिनंदनांना एकेक करून धन्यवाद दिले. मी रिपोर्टवर सही घ्यायला दोन तास समोर ताटकळलो.

खाली स्नेहलनं लिहिलं, "सर, तो मेसेज माझाच. वेळ अजून कळवली नाहीत."

साहेबांनी त्यालाही लाइक दिलं.