पहिल्या धारेचं पाणी

पूर ओसरून चार दिवस झाले होते, तरी बालाजी घाटाच्या पायऱ्यांवरचा गाळ वाळत नव्हता. भाद्रपदातलं ऊन वर चढायच्या आधीच अंग चिकट होई. आनंदीकाकू नेहमीप्रमाणे पाचाच्या आत उठल्या, अंगावर दोन तांबे ओतून ओलेत्यानंच नळापाशी जाऊन बसल्या. रात्रभर नळ कोरडा असतो. पहाटे आधी हवा फुसफुसते, मग धार धरते. त्या पहिल्या धारेला गल्लीत कुणाचा हात लागायच्या आत काकू सोवळ्याचा हंडा भरून घेत. सासूबाईंकडून आलेली रीत, पस्तीस वर्षांत एक दिवस चुकली नव्हती. पितृपंधरवड्यात तर देशाकडून, मराठी मुलखातून आलेल्या यजमानांच्या श्राद्धाचा स्वयंपाक असे, त्यात पाण्याला सोवळं हवंच.

हंडा भरला की त्यातला पहिला तांबा वेगळा काढायचा. तो मुक्ताचा. सून सात महिन्यांची गर्भार. घरातलं चांगल्यातलं चांगलं पाणी तिला नाही द्यायचं तर कुणाला?

"मुक्ता, उठ गं. पाणी ठेवलंय."

मुक्ता उठली नाही. दोन दिवस तिला अन्नाचा वास सहन होत नव्हता, ओकाऱ्या येत होत्या. काकूंनी खिडकीची झडप उघडली, आणि उजेडात तिचे डोळे दिसले. हळद कालवल्यासारखे.

"लघवी कशी होतेय?"

"सरसों के तेल जैसी, आई. परवापासून."

काकूंना धक्का बसला, पण भीती नाही वाटली. श्रावणात गल्लीतल्या चार पोरांना कावीळ झाली होती. समोरच्यांचा कुणाल तर पंधरा दिवसांत पुन्हा पतंग उडवत होता. उसाचा रस, मूग-भात, आराम; झालं. "होईल बरं," त्या म्हणाल्या. "त्या कावीळ झाडणाऱ्याकडेही जाऊन येऊ."

रोहन, त्यांचा मुलगा, मुगलसरायला रेल्वेत. रात्रपाळीहून सकाळी आला आणि तोही तेच म्हणाला, "कुणालसारखंच असेल."

तेवढ्यात वस्तीतली आशा कार्यकर्ती सीता आली. गर्भार बायकांची नोंद तिच्याकडे, त्यामुळे मुक्ताकडे तिचा हप्त्यातून एक फेरा ठरलेला. दारातूनच तिची नजर मुक्ताच्या डोळ्यांवर गेली आणि आवाज बदलला.

"अम्माजी, झाड-फूँक छोड़िए. अभी चलिए अस्पताल."

"अगं, पोरांना झाली तीच कावीळ ही. पंधरा दिवसांत..."

"वो बच्चे थे. ये पेट से है." सीतानं मुक्ताचा हात धरला. "भाभी, आज तारीख क्या है?"

मुक्तानं जरा वेळ विचार केला. मग म्हणाली, "परवा होती ना..." आणि थांबली.

सीता रोहनकडे वळली. "भैया, ऑटो बुलाइए."

सरकारी इस्पितळात मुक्ताला वॉर्डात नेलं, रक्त काढलं, सलाईन लावलं. दुपारी डॉक्टर ईशानी बाहेर आल्या. पोरगेलीशी बाई, पण नजर हटवत नव्हती. रोहनच्या शेजारी काकू बसल्या होत्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळून, उलगडून.

"हेपेटायटिस ई आहे, ई प्रकारची कावीळ," ईशानी हिंदीत म्हणाल्या. "गल्लीतल्या मुलांना कुठली होती?"

"रिपोर्ट में ए लिखा था," सोबत आलेली सीता म्हणाली. "उन चारों में ए."

"दोन वेगळ्या?" काकू गोंधळल्या. "पाणी एकच, मग कावीळ दोन कशा?"

"वाट एकच आहे. दोन्ही विषाणू माणसाच्या मळातून पाण्यात येतात. नाल्यात ए असेल तर ई पण असू शकतो. ए लहान मुलांत बहुतेक वेळा आपोआप बरी होते. ई सुद्धा बाकीच्यांना सहसा सोडून देते. पण गर्भारपणात, शेवटच्या तीन महिन्यांत, तिचं यकृत एकदम निकामी होऊ शकतं. अशी गर्भार बाई आमच्याकडे येते तेव्हा पाचातली एक, कधी चारातली एक, हातची जाते. बाळालाही धोका असतो. का, ते पूर्ण कुणालाच माहीत नाही. गर्भारपणात शरीराची झुंजायची रीत बदलते, एवढं कळलंय. याच्यावर खास औषध नाही, आणि जे एक कधी कधी वापरतात ते गर्भारणीला देता येत नाही. आम्ही फक्त तिला सांभाळू शकतो. रक्त गोठतंय का, शुद्ध नीट आहे का, सारखं बघत राहायचं."

काकूंनी सगळं ऐकलं, पण त्यातलं एकच मनात अडकलं. "पण पाणी तर मी... डॉक्टर, मी तिला कधी दुसरं पाणी दिलं नाही. सोवळ्याचं. पहिल्या धारेचं. पाणी उकळा म्हणून सीता सांगून गेली, तेव्हापासून बाकीच्यांना उकळून देतेय. पण सोवळ्याचं उकळत नाहीत ना. आणि तेच मीही पिते. मला का नाही झालं?"

ईशानी म्हणाल्या, "तुम्हाला कधीतरी होऊन गेली असेल, कळलीही नसेल. पुष्कळांना काही दिसतच नाही."

"मग आजच्या पाण्यानं झालं? कालच्या?"

"नाही. महिना, दीड महिन्यापूर्वी जे पोटात गेलं, त्यानं."

दीड महिना. म्हणजे श्रावण. काकू बोटांवर मोजू लागल्या. कुठल्या दिवशी, कुठला तांबा? मोजता मोजता सोमवार-मंगळवार एकमेकांत मिसळून गेले.

चौथ्या दिवशी सीतानं घरी येऊन पाणी तपासायच्या, आत औषध घातलेल्या दोन शिश्या पुढे ठेवल्या. आदल्या दिवशी पहाटे नळ सुरू झाल्याबरोबर एकीत पाणी धरलं होतं, अर्ध्या तासानं दुसरीत. पहिली काळी पडली होती, शाईसारखी. दुसरी तशीच्या तशी.

"हे बदललंय," काकू म्हणाल्या. "तू शिश्या उलटसुलट केल्यास."

"नहीं, अम्माजी. नाम लिखा है."

खरंच लिहिलेलं होतं. सीतानं समजावलं: रात्री पाइपातला दाब जातो, पाइप नाल्याच्या आतूनच गेलाय, जिथं फुटलाय तिथून घाण आत शिरते. पहाटे नळ सुटला की तेच पाणी आधी ढकलून बाहेर येतं. शिशीत कावीळ दिसत नाही, फक्त मैला शिरलाय हे दिसतं. म्हणून दुसरी काळी पडली नसली, तरी ते पाणीही उकळल्याशिवाय प्यायचं नाही.

काकू काळ्या शिशीकडे बघत राहिल्या. ज्याला कुणाचा हात लागला नाही म्हणून ते सगळ्यात शुद्ध, त्यातच सगळ्या गल्लीचा मैला. याचा अर्थ कसा लावायचा? सासूबाईंना काय सांगायचं, त्या जिथं असतील तिथं? डोकं चालेना. सोवळं म्हणजे काय, तेच कळेनासं झालं.

पाचव्या रात्री मुक्ता माणसं ओळखेनाशी झाली. तिनं रोहनला भाऊ म्हणून हाक मारली. रोहन भिंतीला कपाळ टेकून उभा राहिला. काकूंनी बाळाच्या ठोक्यांचं यंत्र ऐकलं, धपधप, धपधप, आणि तोच आवाज मनात धरून बसल्या. तहान लागली तरी त्यांना पाणी मागायची हिंमत होईना.

सातव्या दिवशी रक्त गोठण्याचा आकडा सुधारला. नवव्या दिवशी मुक्तानं तारीख बरोबर सांगितली आणि वर म्हणाली, "आई, तुमचे केस किती पांढरे झाले. पितर-बितर येऊन गेले का?" काकू हसल्या की रडल्या, त्यांनाच कळलं नाही. ईशानी म्हणाल्या, धोका अजून संपला नाही, प्रसूतीपर्यंत नजर ठेवायची. तरी मुक्ता चौदाव्या दिवशी घरी आली.

नळखात्याच्या जलकलवाल्यांनी खणून नाल्यातला पाइप बदलायला घेतला होता, पण गल्ली अजून उखडलेलीच होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे काकू नेहमीसारख्या ओलेत्यानं नळापाशी बसल्या. हवा फुसफुसली, धार धरली. त्यांनी हंडा पुढे केला नाही. पहिलं पाणी मोरीत जाऊ दिलं. कुणी बघतंय का म्हणून एकदा मागं पाहिलं. मग हंडा भरला, चुलीवर चढवला, आणि खळखळा उकळी येईपर्यंत शेजारी उभ्या राहिल्या. शिजलेलं पाणी सोवळ्यात चालतं की नाही, हा प्रश्न तसाच होता. त्यांनी मुक्ताचा तांबा घासायला घेतला.