रॉडच्या पुस्तकासाठी मी रोज मेलो

नव्वदीतली गोष्ट. अंबडच्या एमआयडीसीत एका शेडमध्ये आम्ही पाणी तापवायचे रॉड बनवायचो. म्हणजे बनवायचे बाकीचे, मी खोक्यात भरायचो. रॉड, वर तो कसा वापरायचा त्याचं पुस्तक, वर चिकटपट्टी. शाळा मी चौथीत सोडली. मास्तरांचं म्हणणं, शाळेनंच मला सोडलं. मी काय वाद घातला नाय.

एका हिवाळ्याच्या तोंडावर इंदूरच्या व्यापाऱ्याचा फोन आला. कुणा गिऱ्हाइकानं रॉड चालू असताना पाण्यात बोट घातलं आणि झटका बसून पडलं. वाचलं. पण आमच्या पुस्तकातले इशारे सगळे इंग्रजीत. व्यापारी म्हणाला, हिंदीत लिहा, मग माल पाठवा. शेठला मालाचं वाटलंच, पण त्या माणसाचं जास्त लागलं. त्या दिवशी त्याचा डबा तसाच परत गेला. म्हणाला, "अजून एकाला झटका बसला ना, तर मी हे शटर खाली ओढीन."

तसलाच रॉड माझ्या घरी होता. मुठीला चरा पडला म्हणून शेठनंच मला दिलेला. बायको पहाटे त्याच्यावर पाणी तापवायची, अंघोळ करून भाजी घेऊन मार्केटला जायची. ती जायची तेव्हा मी घोरत असायचो.

हिंदी लिहायला शेठनं एक रिटायर शिक्षिका आणल्या. आम्ही नुसतं बाई म्हणायचो. बाई शहरातनं दोन बस बदलून यायच्या. गुडघे दुखायचे, पण अक्षर असं की बघत बसावं. त्यांनी पहिला कागद दिला. शेठनं वाचला, मान हलवली आणि मला हाक मारली.

"ये रे इकडं. तुला कळलं तर सगळ्या हिंदुस्थानाला कळंल."

मला वाटलं, कौतुक केलं.

काम असं. पत्र्याच्या बादलीत पाणी, त्यात रॉड, पिन बोर्डात. बोर्डाची मागची वायर काढून ठेवलेली, म्हणजे करंट नाय. मी वाचायचं आणि वाचंल तसं करायचं. स्विच चालू असताना माझा हात पाण्याला लागला की शेठ म्हणायचा, "मेला." मग बाई परत लिहायच्या.

पहिला इशारा होता, 'विद्युत-प्रवाह रहते हुए जल को स्पर्श नहीं किया जाना चाहिए।' मी बोट ठेवून, अडखळत वाचलं.

"बाई, हे कुणाला सांगितलंय?"

"वाचणाऱ्याला."

"मला वाटलं सरकारला."

बाई हसल्या नाय. त्यांनी खोडलं आणि लिहिलं, 'कृपया पानी को हाथ लगाने का कष्ट न करें।' मी म्हणलं, यात कष्ट कसले, लगेच लावतो, आणि लावला. मेलो. शेठ म्हणाला, "सरळ लिहा ना, मत छुओ."

"गिऱ्हाइकाला अरे-तुरे करू?" बाई म्हणाल्या. "आणि 'छूइए मत' म्हणलं तर विनवणी वाटते. 'न छुएँ' लिहिते. हुकूमही झाला, मानही राहिला. सगळीकडं आता असंच. करें, न करें. एका वाक्यात एकच काम."

पटलं. बायको मला कधी कृपया म्हणत नाय, म्हणून तर तिचं ऐकतो.

तरी मी मरतच होतो. 'पानी गरम हुआ या नहीं, यह हाथ से देखने से पहले स्विच बंद करें।' मी एकेक शब्द लावत वाचणारा. 'हाथ से देखने' पर्यंत आलो आणि घातला हात. स्विच अजून पुढं होता, माझा हात आधीच आत. शेठनं कपाळाला हात लावला. बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले.

"जे आधी करायचं ते आधी लिहायला पाहिजे," त्या म्हणाल्या. स्वतःवरच चिडल्या होत्या. "हा वाक्य संपायची वाट बघत नाही."

"जेवणाच्या वाक्याची बघतो, बाई."

मग आलं, 'पहले स्विच बंद करें। फिर प्लग निकालें। उसके बाद ही पानी को छुएँ।' तोवर आठवडा गेला होता. दिवसभर खोकी, मधल्या सुट्टीत मरण. बाही सारखी ओली. बाईंचे गुडघे सुजलेले, शेठचा घसा 'मेला, मेला' करून बसलेला. त्या दिवशी मी स्विच बंद केला, पिन काढली, हात घातला. शेठ ओरडला, "जगला! छापा!"

बाई म्हणाल्या, "थांबा. परत करा. आणि कागद मला द्या."

मी कागदाशिवाय तेच केलं, एकदम बरोबर.

"यांना पाठ झालंय," बाई खुर्चीत बसत म्हणाल्या. "आता हे वाचत नाहीत. नवीन माणूस पाहिजे."

म्हणजे येडं म्हणून पण मी जुना झालो. तेवढी एकच नोकरी मला नीट जमत होती, ती पण गेली.

शेडमधले सगळे रॉड कोळून प्यालेले. शेठ म्हणाला, "घरी कोण आहे तुझ्या?" म्हणलं, बायको, सातवी शिकलेली, माझ्यापेक्षा तीन यत्ता पुढं. दुसऱ्या दिवशी ती मार्केटातनं परस्पर आली, रिकामी पाटी काखेत.

"काय ओ, एवढ्या लोकांत तुम्हाला वाचायला माणूस भेटंना का?"

"माझं वाचून झालं. मी मेलो."

"मग घरी जेवायला कोण येतं रोज?"

शेठला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी.

तिनं कागद घेतला, सरळ वाचायला लागली. खालच्या इशाऱ्यापर्यंत जायच्या आधीच रॉड बादलीत सोडला, पिन लावली, स्विच टाकला. पाण्याला हात लावला नाय. मी शेठकडं बघितलं, बघा आमची मंडळी. तेवढ्यात ती वाकली आणि दोन्ही तळवे बादलीला बाहेरनं लावले. पत्र्याला. तशीच थांबली, तापली का बघत.

शेठ 'मेली' म्हणाला नाय.

"अगं," मी म्हणलं, "रोज असंच करती?"

"मग? पाण्यात बोट कशाला घालू, पोळायला? बादली गरम लागली की पाणी झालं. आपली पण पत्र्याचीच हाय. पिलास्टिकची रॉड लागून वितळली, तुम्ही घोरत होता तेव्हा."

आठवडाभर मी पाण्यात मरायचं सोंग करत होतो आणि खरं मरण पहाटे माझ्या घरात बादलीला चिकटून बसलं होतं. आम्हा तिघांच्या डोक्यात बादली आलीच नव्हती. शेठचं पाणी गिझरचं, बाईंचं गॅसवर, आणि माझं आयतं.

बाईंनी तिला खुर्ची दिली आणि स्वतः उभ्यानं लिहिलं. 'धातु की बाल्टी का उपयोग न करें। स्विच चालू हो तब पानी, बाल्टी या रॉड को न छुएँ।' पहिल्या पानावर, सगळ्यात वर, जाड अक्षरात. मग बायकोला विचारलं, "कळतंय का?"

"कळतंय. पण पहाटेच्या अंधारात पुस्तक कोण बघतं, बाई?"

बाईंनी पेन बंद केलं. "तेवढं मला लिहिता येत नाही," म्हणाल्या.

पुस्तक छापलं, माल इंदूरला गेला, मी परत खोक्यांवर. घरी जाड प्लास्टिकची बादली आणली. रॉड आडव्या काठीला टांगला, कडेला लागू नये म्हणून. तरी जिवाला चैन पडंना. मग पहाटे मीच उठायला लागलो. स्विच टाकायचा, पाणी होईस्तोवर पाटावर पेंगत बसायचं, स्विच बंद करायचा, पिन काढायची, जरा थांबून रॉड काढायचा. मग ओरडायचं, "हां, छू आता!"

ती आतनं म्हणायची, "छुएँ म्हणा. मान कुठं गेला?"

दोन हजार सालानंतर गॅस गिझर आला तोवर असंच चाललं. झोप कधी पुरी झाली नाय. शेडमध्ये खोक्यावर डोकं ठेवून पेंगायचो, आणि शेठ लांबनं विचारायचा, "मेला का रे?"