वेबसाइट नको म्हणणाऱ्या अक्का

नवऱ्याची बदली झाली म्हणून आम्ही नाशिकहून चेन्नईला आलो आणि मैलापूरला भाड्याने राहू लागलो. तो पहाटे कंपनीच्या बसने शहराबाहेर सिरुसेरीच्या आयटी पार्कात जाई. मी घरी केक करू लागले, अंड्याशिवायचे, कारण आसपासच्या शाकाहारी वस्तीत तेच खपण्यासारखे होते. पण गिऱ्हाइकांशी बोलायचं तर मला तमिळ येत नव्हतं.

तेव्हा शेजारच्या गल्लीतल्या अक्का भेटल्या; आसपासच्या घराघरांत त्यांची ओळख होती. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या तंजावरचं, त्यांची मराठी जुन्या वळणाची, मधूनच तमिळमध्ये शिरणारी. माझ्याहून पंधराएक वर्षांनी मोठ्या. परक्या गावात कुणीतरी मला ‘जेवलीस का गे’ म्हणून विचारलं, त्यावरच मी त्यांची झाले. ठरलं असं की केक मी करायचे आणि ऑर्डरी त्यांनी घ्यायच्या. त्यांच्याच नंबरावर व्हॉट्सअ‍ॅपचं बिझनेस खातं उघडलं. फोटो मी काढले, वर्णनं आम्ही दोघींनी लिहिली आणि कॅटलॉग तयार झाला. तेच खातं माझ्या टॅबलाही जोडून घेतलं, म्हणजे आलेली ऑर्डर मलाही दिसे.

धंदा वाढला तशी अडचण कळू लागली. गिऱ्हाईक केक निवडून कार्टात टाकी, कार्ट आमच्याकडे मेसेज म्हणून येई, आणि मग कुठल्या दिवशी हवा ते विचारण्यात सकाळ जाई. नाताळच्या आठवड्यात तर एकाच दिवसाला इतके केक कबूल झाले की माझा एकुलता ओव्हन पुरेना. कॅटलॉगात एखादा केक लपवता यायचा, एखादी तारीख बंद करता यायची नाही.

मी अक्कांच्या जेवणाच्या टेबलाशी बसून त्यांना वेबसाइट समजावली. गिऱ्हाइकाने आधी तारीख निवडायची, त्या दिवसाचे केक भरले की ती तारीख आपोआप बंद. दोन दिवस आधी ऑर्डर नोंदवायची, पैसे तिथेच भरायचे. अक्कांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या की आपल्या मामी लोकांना, म्हणजे इथल्या वयस्क बायकांना, बोलायला लागतं, त्या व्हॉइस मेसेज पाठवतात, तारखांची चौकट कोण उघडणार. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मी विषय सोडून दिला.

काही महिन्यांनी ऑर्डरी कमी झाल्या. अक्का म्हणाल्या, उन्हाळा आहे, लोक गावी जातात. मलाही ते पटलं.

मग एक दिवस आमच्या खालच्या मजल्यावरच्या शिक्षिका जिन्यात भेटल्या. त्यांनी इंग्रजीत सांगितलं की तुमची नवी वेबसाइट फार सोयीची आहे, फक्त या वेळचा केक जरा कोरडा निघाला. मी म्हटलं, आमची वेबसाइट नाही. त्यांनी फोन पुढे केला. अक्कांनीच दुसऱ्या एका नंबरावरून त्यांना लिंक पाठवली होती. नाव वेगळं होतं, पण फोटो माझे होते. माझ्या स्वयंपाकघरातली निळी टाइल मागे दिसत होती. तारखा निवडायच्या, भरलेल्या तारखा करड्या झालेल्या, आणि खाली ओळ: ऑर्डर दोन दिवस आधी नोंदवावी. केक नेण्याचा पत्ता शहराच्या दुसऱ्या भागातला, वेलाचेरीचा होता; केक आता तिथली दुसरी कुणीतरी करत होती.

मी तशीच अक्कांकडे गेले. त्यांनी कॉफी पुढे ठेवली. मी विचारलं, “मला सांगितलं का नाहीत?”

“सांगितलं असतं तर तू वेबसाइट तुझ्या नावावर मागितली असतीस,” त्या म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच मऊ होता. “केक छान करतेस गे. पण लोक माझे आहेत.”

मी कॉफी घेतली नाही. घरी पोचेपर्यंत त्यांनी टॅबवरून खातं काढून टाकलेलं होतं. पडद्यावर नव्याने जोडणी करण्याचा कोड तेवढा होता. कुणाचा नातू पिस्ता खात नाही, कुणाला गोड कमी लागतं, सगळं त्या संभाषणांत होतं आणि माझ्याकडे एकही नंबर नव्हता. नवऱ्याने समजूत घातली, पण मला धंद्याचं दुःख कमी होतं. मी ज्या टेबलाशी बसून समजावत होते, तिथे समोरचं माणूस मान हलवत सगळं स्वतःसाठी टिपून घेत होतं, हे मला सहन होत नव्हतं.

नंतर मी माझ्या नंबरावर कॅटलॉग केला आणि माझ्या नावाने साधीशी वेबसाइटही. अक्कांचं एक खरं निघालं: मामी आधी बोलतातच. मोडक्यातोडक्या तमिळमध्ये मी उत्तर देते, शेवटी लिंक पाठवते, आणि बऱ्याच जणी तारीख निवडतात. खालच्या शिक्षिका पहिल्या होत्या.

अक्का कधी देवळाच्या रस्त्यावर दिसतात. मागच्या शुक्रवारी त्यांनी हाक मारून विचारलं, “जेवलीस का गे?” मी हो म्हटलं. मी जेवले नव्हते.