मननचं प्रमाणपत्र

मननकडे माझं पहिल्यांदा लक्ष गेलं तेव्हा तो सहावीत होता. देवासच्या आमच्या शाळेची बंद पडलेली विजेची घंटा एका सकाळी वाजली. कुणी दुरुस्त केली विचारलं, तर सगळ्यांनी त्याच्याकडे बोट दाखवलं. तो म्हणाला, "अपने आप चालू हो गई, बाई."

पुढे तो इंदूरला एका लहान कंपनीत सॉफ्टवेअर लिहू लागला. दोन वर्षांपूर्वी कंपनीने तीन महिन्यांची मुदत देऊन त्याला दुसरीकडे बघायला सांगितलं. आई अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे देवासहून रोज जाता येईल अशीच नोकरी हवी होती. इंदूरच्याच एका मोठ्या कंपनीत मशीन लर्निंगची जागा निघाली.

त्याचे वडील विश्वासराव. त्यांच्या घरी पणजोबांची दरबारी सनद अजून दसऱ्याला पूजेत मांडतात. ते म्हणाले, "कागद हवा. बाकी सगळं तोंडी." मीही मान हलवली. चाळीस वर्षं मी मुलांना हेच सांगत आले होते.

मननने संगणकसेवा भाड्याने देणाऱ्या एका क्लाउड कंपनीच्या मशीन लर्निंग प्रमाणपत्राचा अभ्यास सुरू केला. एकदा त्याने मला एक प्रश्न समजावला. हजार व्यवहारांत दोनच खोटे असतील, तर सगळ्यांना खरं म्हणणारं मॉडेलही नव्याण्णव टक्क्यांहून जास्त वेळा बरोबर ठरतं. मग मापायचं काय?

"ते दोन पकडले का, ते," मी म्हणाले.

"बाई, तुम्ही पास. अब ये बताओ, ते चालवायला त्या क्लाउड कंपनीची कोणती सेवा घ्यायची?"

"ते तूच बघ, भिया."

तो पास झाला. विश्वासरावांनी प्रमाणपत्र छापून सनदेशेजारी लावलं.

मुलाखत पंधरा मिनिटांत आटोपली. तो येऊन माझ्या ओट्यावर बसला.

"कागद बघून म्हणाले, अच्छा है, कोणती सेवा कुठे वापरायची हे तुम्हाला कळतं. पण स्वतः काय बनवलंय?"

"मग?"

"काही नाही म्हणालो."

"खरंच काही नाही?"

 तो म्हणाला, लोहारदा गावच्या मामांना सोयाबीनच्या दाण्यांचे फोटो बघून डागी दाणे ओळखणारं एक मॉडेल करून दिलं होतं. चार हजार फोटो स्वतः काढले होते. पहिलं मॉडेल ओल्या दाण्यांना डागी म्हणायचं, म्हणून पावसाळ्यात पुन्हा फोटो काढून त्याला नव्याने शिकवलं. मामा दोन हंगाम ते वापरत होते.

"अरे, मग हे का नाही सांगितलंस?"

"वो तो घर का काम था, बाई. त्याचा कागद कुठेय?"

 दुसऱ्या दिवशी माझ्या सांगण्यावरून त्याने त्या कंपनीला ईमेल लिहिला. जागा भरली होती.

त्या पावसाळ्यात त्याची आई गेली. मनन आता देवासहून दूर, धामनोदला एका ट्रान्सपोर्ट कंपनीचं बिलांचं सॉफ्टवेअर सांभाळतो. प्रमाणपत्राची दोन वर्षांची मुदत मार्चमध्ये संपली. त्याने पुन्हा परीक्षा दिली नाही.