शेजारचं इंग्रजी अक्षर

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही. तिला वाटतं, भाऊंनी म्हातारपणामुळे काम सोडलं. चांद्यातल्या सगळ्यांनाच तसं वाटलं, आणि मी वाटू दिलं.

भाऊ माझे कोणी नातेवाईक नव्हते. वैनगंगेकाठच्या धिवर घरातला माणूस. घरचे सगळे मासोळी धरायचे आणि हे चांद्याला येऊन पाट्या रंगवायचे. मी पाच वर्षं त्यांच्या हाताखाली शिकलो. पुढे नागपूरला वर्षभर राहून इंग्रजी अक्षरं गिरवून आलो, तेव्हापासून आम्ही बरोबरीने बसू लागलो. मराठी त्यांचं, इंग्रजी माझं.

तेव्हा चांद्यात एका कापडवाल्या शेठनं दुकान वाढवायला काढलं. नाव 'पूर्णिमा'. गडचिरोली आणि कुरखेड्यालाही शाखा निघणार होत्या. पाटीवर, पिशवीवर, बिलावर एकच निशाणी हवी होती: डावीकडे मराठी नाव, मध्ये चंद्राचा गोल, उजवीकडे तेच नाव इंग्रजीत. कागदावर शाईनं काढायचं, शेठनं पसंत केलं की नागपूरला छपाईचा ब्लॉक करायला पाठवायचं. शेठ म्हणाले, "दोघांनी मिळून काढा. दोन्ही भाषा सारख्या दिसल्या पाहिजेत. ज्याचा हात चांगला दिसेल, पुढच्या सगळ्या पाट्या त्याच्याच."

हे शेवटचं वाक्य माझ्या डोक्यात रुतून बसलं. भाऊंनी ते ऐकलं की नाही, कोण जाणे.

नाव दिसायला साधं, पण काढायला वाईट. पू चा ऊकार खाली लोंबतो. र्णि वर वेलांटी आणि रफार एकाच जागेसाठी भांडतात. इंग्रजीची सात मोठी अक्षरं मात्र एका उंचीची, वर काही नाही, खाली काही नाही. मी पहिल्यांदा दोन्ही नावं एकाच पट्टीत बसवली: रफाराच्या टोकापासून ऊकाराच्या तळापर्यंत जेवढी जागा, तेवढी उंची इंग्रजीला. भाऊंनी कागद उलटा धरला, डोळे बारीक केले आणि हसले.

"काऊन बे, हा साहेब अन् हे त्याचं लेकरू आहे का?"

खरंच तसं दिसत होतं. मात्रांना जागा देण्यात मराठी अक्षराचं अंग आक्रसून गेलं होतं.

"जाळं पाह्यलं ना तू? वरची दोरी असते, तिले जाळं लटकते. दोरीच्या वर तरंगे, खाली वजन. जाळं मोजताना तरंगे मोजतो का कोणी? इंग्रजीचं डोकं दोरीले लाव, पाय कान्याच्या टोकाले. वेलांटी, रफार, ऊकार बाहेर जाऊ दे. त्याईले मोकळं सोड."

मग जाडीची गोष्ट. मराठी अक्षरात शिरोरेषा आहे, ण च्या दाट रेघा आहेत, म ची गाठ आहे. शाई तिथं गोळा होते. दोन्हीकडे रेघ सारख्याच जाडीची ठेवली तर मराठी काळं दिसतं. म्हणून भाऊंनी आपला काना इंग्रजीच्या उभ्या रेघेपेक्षा केसभर बारीक ठेवला. रफार वेलांटीच्या कमानीला न चिकटता तिच्या उजव्या खांद्यावर ठेवला, मध्ये पांढरी फट सोडून. ब्लॉकमध्ये आकार लहान होतो तेव्हा अशी फट बुजते. ती किती ठेवायची ते त्यांनी नजरेनंच ठरवलं. माझ्या अक्षरांतलं अंतर त्यांनी दोनदा वाढवून घेतलं. शेवटी कागद भिंतीला लावला आणि आम्ही दोघं मागे सरकलो. चंद्राच्या दोन्ही बाजूंना सारखंच वजन होतं. एक अक्षर दुसऱ्याला दाबत नव्हतं.

इतकं चांगलं काम मी पुढे कधी केलं नाही. आणि ते त्यांचं होतं, हे बघणाऱ्या कुणालाही कळलं असतं.

कागद दुसऱ्या दिवशी शेठकडे न्यायचा होता. दुपारी भाऊ जेवायला घरी गेले. मी ब्रश घेतला आणि माझ्या सातही अक्षरांच्या रेघा बाहेरच्या बाजूनं वाढवत गेलो. पहिल्यांदा एक केस, मग आणखी एक. वरचं टोक शिरोरेषेच्या जरा वर नेलं. त्यांच्या अक्षरांना मी बोटसुद्धा लावलं नाही. तशी गरजच नव्हती. शेजारचं जाड झालं की आपलं आपोआप उपाशी दिसतं, हे त्यांनीच मला शिकवलं होतं.

सकाळी मी कागद गुंडाळूनच नेला. दुकानात उलगडला. शेठनं बराच वेळ बघितलं.

"भाऊ, इंग्रजी कसं भरदार आहे. तुमचं मराठी मरतुकडं दिसते. ताप आलाय का त्याले?"

गादीवरचे दोघं-तिघं हसले. भाऊ पुढे झाले. डोळे बारीक केले, मागे सरकले, पुन्हा पुढे आले. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "मले इंग्रजी जाड दिसून राह्यलं. काल नव्हतं. तू हात लावला का?"

"तुमच्या अक्षराला मी बोटही लावलेलं नाही. आईची शपथ."

शपथ खोटी नव्हती. एवढी जपून मी दुसरी कुठली शपथ घेतली नसेल.

त्यांनी माझा चेहरा बघितला, आणि विश्वास ठेवला. भाऊ एकदा जुळलेलं अक्षर पुन्हा मोजायचे नाहीत. मोजणारा वेगळा आणि पाहणारा वेगळा, असं ते म्हणायचे. त्या दिवशी त्यांनी फूटपट्टी मागितली असती तर मी तिथंच उघडा पडलो असतो. त्यांनी मागितली नाही. शेठला म्हणाले, "खरं आहे. माझंच बारीक झालं. याले करू द्या."

मी मराठी पुन्हा काढलं, जाड. रफार वेलांटीत बुडाला. ब्लॉक होऊन आला तेव्हा र्णि च्या डोक्यावर एक काळा ठिपका उरला होता. शेठला त्यात काही वावगं दिसलं नाही. तिन्ही गावांतल्या पाट्या मी तशाच रंगवल्या.

भाऊ त्यानंतर महिनाभर येत राहिले. काढलेली रेघ मला दाखवायचे. "सरळ आहे का रे?" पहिल्यांदा मला वाटलं, टोमणा आहे. टोमणा नव्हता. ते खरंच विचारत होते. ज्या माणसानं हातात दोरा न घेता वीस फुटांची शिरोरेषा ओढली, तो एका वितीच्या रेघेसाठी माझ्या तोंडाकडे बघायचा. मग यायचे बंद झाले. गावाला गेले असं कळलं.

दोन-तीन वर्षांनी वैनगंगेकाठी मार्कंड्याच्या जत्रेत भेटले. मी तिथं एका मिठाईवाल्याची पाटी रंगवायला गेलो होतो. ते पुतण्याबरोबर आले होते. अंग उतरलं होतं. मी विचारलं, "काही काढता का, भाऊ?"

"नाई. डोळ्याचा भरवसा राह्यला नाई बाप्पा. कुरखेड्याले गेलतो मागं, तुझी ते पाटी पाह्यली." थोडं थांबून, जरा शरमून म्हणाले, "मले त्या र्णि वर नुसता काळा गोळा दिसला. रफार दिसलाच नाई. किती वेळ पाहत होतो. सांग बरं, तिथं रफार आहे ना? फट आहे ना मधात?"

पुतण्या पाणी आणायला गेला होता. आम्ही दोघंच होतो. आताच सांगावं, असं वाटलं, तोंडही उघडलं.

"आहे ना, भाऊ," मी म्हणालो. "चांगली फट आहे."

त्यांनी मान हलवली. "मंग गेलाच डोळा," म्हणाले, आणि पुतण्या आल्यावर त्याच्या खांद्यावर हात ठेवून, धड दिसत असलेल्या वाटेवर आंधळ्यासारखे पाय चाचपत नदीकडे उतरले.