खाडीत खाडी

भागीरथीच्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो, असं चेंदणीच्या कोळीवाड्यातलं शेंबडं पोरही सांगे. आईच्या मागे वयाच्या बाराव्या वर्षी ती मासळीची पाटी घेऊन बाजारात बसली, तेव्हा वजनात खोट काढणाऱ्या गिऱ्हाइकाच्या पिशवीतली मासळी तिने परत ओतून घेतली होती. पुढे ती टायपिंग शिकली, कॉम्प्युटर शिकली, आणि खोपटला एसटी डेपोसमोर एक गाळा घेऊन बसली. बाहेर पाटी लावली: ‘मराठी छपाई करून मिळेल’. चौऱ्याण्णव साली ठाण्यात असं लिहायला छाती लागत होती. इंग्रजी सगळेच छापून देत.

त्या वर्षी तिचं डोकं सारखं तापलेलं असे, आणि कारणही तसंच होतं. वाड्यामागच्या खाडीच्या तोंडाशी कुणा बिल्डरने ट्रकवर ट्रक खडी आणून टाकली होती. तिच्या बापाची, धाकूची होडी आत अडकून पडली होती. पूर्ण भरती आली तरच ती हले, आणि भरती काही माणसाच्या सोयीने येत नाही. वाड्याने निवेदन द्यायचं ठरवलं. लिहिलं भागीरथीने, छापलंही तिनेच, आणि धाकूला घेऊन ती तहसील कचेरीत गेली.

साहेबांनी कागद डोळ्यांपासून लांब धरला, जवळ धरला आणि हसले.

“‘बिल्डरने खाडीत खाडी टाकली.’ अहो बाई, खाडीत खाडी कशी टाकतात? दाखवा बरं आम्हाला.”

शेजारच्या टेबलांवरही हशा पिकला. भागीरथीने कागद ओढून घेतला. बघते तर खरंच. प्रत्येक अक्षर दुहेरी उमटलेलं. ‘ख’ची उभी रेघ दोनदा आली होती आणि दुसरी रेघ काना होऊन बसली होती. खडीची खाडी झाली होती.

“वाचता येईल असं आणा,” साहेब म्हणाले. “सोमवारी सुनावणी आहे. नाहीतर प्रकरण बंद. आणि जमत नसेल तर इंग्रजीत आणा, ते तरी स्वच्छ येतं.”

धाकूला वाचता येत नव्हतं, पण हसणं समजत होतं. भागीरथीच्या अंगाची लाही लाही झाली.

तिने डोंबिवलीहून गुरुदत्तला बोलावलं. प्रिंटर दुरुस्त करणारा हा पोरगेला माणूस महिन्यात तिसऱ्यांदा येत होता. दर वेळी तो उभ्या रेघांची चाचणी छापी, छापणाऱ्या डोक्याची जुळणी करी, रेघेखाली रेघ आणून दाखवी आणि निघून जाई. दोन दिवसांत पुन्हा तेच. या वेळी त्याने दोन्ही कडांना भोकांची पट्टी असलेला लांब कागद लावला आणि मशीनची स्वतःची इंग्रजी चाचणी काढली. ए, बी, सी, सगळं चकाचक.

“बघा ताई, मशीन फर्स्ट क्लास आहे. तुमचा मराठी फॉन्टच तसा आहे. त्याला वेलांट्या, रफार, काय काय असतं. मराठी असंच येणार.”

झालं. आगीत तेल पडलं.

“मराठी असंच येणार? तुझ्या बारशाची पत्रिका अशीच आलेली का रे? खाली बस! मराठी नीट येईपर्यंत तुला डोंबिवली दिसायची नाही!”

गुरुदत्त खाली बसला. तिने मराठी मजकूर पाठवला आणि छापताना दोघं वाकून पाहत राहिले. इंग्रजी ओळ डोकं एका फेरीत उरकत होतं. मराठीची मात्र एकेक ओळ चित्रासारखी थरांनी भरत होती: एक थर जाताना, दुसरा परत येताना. दोन थर जुळले तर अक्षर, नाही जुळले तर भुतं.

“थांबा,” गुरुदत्त म्हणाला. त्याचा चेहरा उतरला. मशीन बंद करून त्याने डोकं ओढून नेणारा पट्टा बोटाने दाबला. पट्टा सैल पडला होता, दाते झिजून गोल झाले होते. “जुळणी राहणारच नाही. जाताना एक ताण, येताना दुसरा. मी आधी पट्टाच बघायला पाहिजे होता.”

“मग नवा टाक.”

“लॅमिंग्टन रोडला मिळेल. उद्या रविवार. दुकान बंद.”

भागीरथीने कपाळावर हात मारून घेतला आणि एका दमात त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तोवर त्याचं लक्ष सुट्या कागदाकडे गेलं होतं. निवेदन फुलस्केपवर छापलेलं. त्यात ओळी कुठे एकमेकींवर चढल्या होत्या, शिरोरेघा दोन दोन झाल्या होत्या.

“हे पट्ट्याचं काम नाही. कागद घसरतोय.” त्याने रबरी रोलरवरून बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं. “तेल? रोलरला तेल कुणी लावलं?”

“कोण लावेल? मी काय वेडी आहे?”

दाराशी बाकड्यावर धाकू बसला होता. रोज डबा घेऊन येई आणि तासभर मशीनकडे कौतुकाने बघत बसे. तो हळूच उठला.

“मी लावला. चीं चीं करत व्हता तो. म्हटलं, पोरीचा मशीन हाय, सुका नको. आपल्या होडीच्या इंजनाला नाय लावत?”

बापावर भागीरथी कधी ओरडली नव्हती. पण राग गिळायचा तरी कुठे? तिने स्पिरिटची बाटली काढली आणि रोलर असा घासला, की जणू तो रोलरच साहेब होता. धाकू बाजूला उभा राहून तिच्या हातात एकेक कोरडी चिंधी देत राहिला.

तेल रबरात मुरलं होतं, कागद अजून मधूनच सरकत होता. तेव्हा गुरुदत्तनेच तोड काढली. भोकांचा कागद लावायचा, म्हणजे बाजूच्या चाकांचे दाते तो भोकांत धरून ओढतील आणि रोलरवर भिस्त राहणार नाही. आणि डोक्याला एकाच बाजूने छापायला लावायचं. परत येताना ते मुकाट येईल, मग पट्टा सैल असला तरी ताण दर फेरीला सारखाच पडेल.

वेळ दुप्पट लागला. पण शिरोरेघ एकच आली, सरळ. ‘ख’ला एकच दांडा. भागीरथीने तो शब्द बोटाने दाबून पाहिला.

सोमवारी साहेबांनी कागदाच्या कडा पाहिल्या आणि कपाळाला आठ्या घातल्या. “ही भोकं कसली? असला कागद चालत नाही.”

भागीरथीने टेबलावरून कागद उचलला. भोकांची एक पट्टी चर्रकन फाडली, मग दुसरी. दोन्ही पट्ट्या साहेबांसमोर ठेवल्या.

“आता वाचा. मोठ्याने वाचा. माझ्या बापाला वाचता येत नाही.”

कचेरीत सगळ्यांच्या माना वर झाल्या. साहेबांनी चष्मा पुसला. दुहेरी अक्षर नाही, घसरलेली ओळ नाही, हसायला काही नाही. वाचण्याखेरीज मार्गच उरला नव्हता.

“‘बिल्डरने खाडीत...’” ते अडखळले.

धाकू पुढे झाला. त्याने टेबलावर दोन्ही हात टेकले.

“खडी,” तो म्हणाला. “खडी टाकली, साहेब.”